विश्लेषण : पिकलबॉलचा चेंडू २६ छिद्रांचा की ४० छिद्रांचा? पत्र्याच्या शेडखाली कोणता चालतो?

पिकलबॉलचा चेंडू विकत घ्यायला गेलात की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘इनडोअर की आऊटडोअर?’ आपण जिथे खेळतो तिथे वर छप्पर असेल तर उत्तर सोपे वाटते. पण मुंबई-पुण्यात सध्या उभ्या राहिलेल्या कोर्टांपैकी बरीचशी या दोन्हींच्या मधली आहेत. वर पत्र्याची शेड, चारही बाजू उघड्या, खाली काँक्रीटवर रंगीत ॲक्रिलिकचा थर. अशा ठिकाणी ‘छत आहे म्हणजे इनडोअर’ असे म्हणून घेतलेला चेंडू काही दिवसांतच मऊ पडतो आणि वाऱ्यावर भलतीकडे जातो. उलट, बाहेर वापरायचा कडक चेंडू बॅडमिंटन हॉलच्या लाकडी फरशीवर नेला तर तो उसळण्याऐवजी घसरत पायाशी येतो. दोन्ही चेंडू हातात घेतले तर जवळपास सारखेच दिसतात. मग हा फरक येतो कुठून?

नियमात इनडोअर-आऊटडोअर असा भेद आहे का?

नाही, आणि अनेक खेळाडूंना हे माहीत नसते. अमेरिकेतील ‘यूएसए पिकलबॉल’ या संघटनेच्या नियमपुस्तिकेत मान्यताप्राप्त चेंडूसाठी एकच मोजमाप दिलेले आहे. व्यास २.८७ ते २.९७ इंच, म्हणजे साधारण ७३ ते ७५ मिलिमीटर. वजन ०.७८ ते ०.९३५ औंस, म्हणजे २२ ते साडेसव्वीस ग्रॅम. गोल छिद्रे किमान २६ आणि जास्तीत जास्त ४०. मोठ्या छिद्रांचा चेंडू प्रथेने आत आणि लहान छिद्रांचा बाहेर वापरला जातो, एवढाच उल्लेख पुस्तिकेत येतो. मान्यता मिळालेला कोणताही चेंडू कुठेही खेळता येतो. स्पर्धेत कोणता चेंडू वापरायचा हे आयोजक ठरवतात.

थोडक्यात, खोक्यावरचे ‘इनडोअर’ आणि ‘आऊटडोअर’ हे शब्द म्हणजे उत्पादकांनी दिलेला सल्ला आहे. २६ ते ४० या मर्यादेच्या एका टोकाला जुग्स किंवा ऑनिक्स फ्यूजसारखे २६ छिद्रांचे इनडोअर चेंडू आहेत, दुसऱ्या टोकाला फ्रँकलिन एक्स-४० आणि ड्युरा फास्ट ४० सारखे चाळीस छिद्रांचे. मधलेही आहेत. सेलकर्कच्या प्रो एस१ या आऊटडोअर चेंडूला ३८ छिद्रे आहेत. त्यामुळे ‘चाळीस असतील तरच आऊटडोअर’ हेही खरे नाही.

जास्त छिद्रे म्हणजे चेंडू जास्त जाळीदार, बरोबर?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. चाळीस छिद्रे म्हटल्यावर तो चेंडू अधिक पोकळ, हलका आणि वाऱ्याला अधिक वाट देणारा असेल असे वाटते. प्रत्यक्षात उलट आहे, कारण छिद्रांची संख्या वाढली की त्यांचा आकार कमी केलेला असतो.

हिशेब करून पाहू. २६ छिद्रांच्या चेंडूत एका छिद्राचा व्यास सुमारे ११ मिलिमीटर असतो, म्हणजे करंगळीचे टोक सहज आत जाईल एवढा. चाळीसवाल्या चेंडूत तो सुमारे ७ मिलिमीटर, साधारण पेन्सिलीच्या जाडीइतका. ११ मिलिमीटरच्या एका वर्तुळाचे क्षेत्रफळ येते ९५ चौरस मिलिमीटर. त्याला २६ ने गुणले की जवळपास २,४७० चौरस मिलिमीटर. ७ मिलिमीटरच्या वर्तुळाचे साडेअडतीस. त्याला ४० ने गुणले तरी बेरीज १,५४० वरच थांबते. ७४ मिलिमीटर व्यासाच्या चेंडूचा संपूर्ण पृष्ठभाग सुमारे १७,२०० चौरस मिलिमीटर असतो. म्हणजे २६ छिद्रांच्या चेंडूचा १४ टक्के भाग उघडा, तर ४० छिद्रांच्या चेंडूचा फक्त ९ टक्के.

ज्याला जास्त छिद्रे आहेत त्याच चेंडूत प्लास्टिक जास्त आहे. म्हणून तो वजनाला मर्यादेच्या वरच्या बाजूला, २६ ग्रॅमच्या आसपास असतो. दोन छिद्रांमधली पट्टीही तुलनेने रुंद आणि ताठ राहते. कडकपणा, वजन, उसळी या पुढच्या सगळ्या गोष्टी इथून निघतात. छिद्रे मोजण्यापेक्षा एका छिद्रात करंगळी घालून पाहणे ही चेंडू ओळखण्याची जास्त भरवशाची रीत आहे.

कडकपणा मोजतात कसा?

ड्युरोमीटर नावाचे छोटे उपकरण असते. त्याची टोकदार सुई ठरलेल्या जोराने प्लास्टिकवर दाबतात आणि ती किती आत रुतते यावरून ० ते १०० असा आकडा मिळतो. कडक प्लास्टिकसाठी त्याची ‘डी’ ही मापनश्रेणी वापरतात. पिकलबॉलच्या चेंडूचा आकडा या श्रेणीवर ४० ते ५० दरम्यान असावा लागतो, आणि ही चाचणी ७५ ते ८० अंश फॅरनहाइट, म्हणजे २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमानाला होते. या तापमानाचा मुद्दा पुढे आपल्या कामाचा आहे.

मान्यताप्राप्त इनडोअर चेंडूही याच पट्ट्यात बसतो. पण हातात घेऊन अंगठ्याने दाबला तर तो आऊटडोअरपेक्षा चटकन दबतो. याचे एक कारण प्लास्टिकचा मऊपणा. दुसरे, मोठ्या छिद्रांमुळे मधल्या पट्ट्या अरुंद होतात आणि सगळा सांगाडाच लवचीक बनतो. घडणीतही फरक असतो. इनडोअर चेंडू सहसा दोन अर्धगोल साच्यातून काढून मधोमध जोडतात. नीट पाहिले तर जोडाची रेघ दिसते. फ्रँकलिन एक्स-४० सारखे चेंडू फिरत्या साच्यात एकसंध बनवतात. त्यांना जोड नसतो.

मऊ चेंडू पॅडलवर क्षणभर जास्त टेकतो. त्यामुळे नेटजवळचे हळुवार फटके, ज्यांना डिंक म्हणतात, ते हाताशी राहतात आणि रॅली लांबते. कडक चेंडू पॅडलवरून झटकन सुटतो. जाता जाता, सोसायट्यांमध्ये ज्या ‘टॉक टॉक’ आवाजावरून भांडणे होतात, तो आवाजही कडक चेंडूचा जास्त येतो.

उसळीत किती फरक पडतो?

नियमातली चाचणी अशी : चेंडू ७८ इंचांवरून, म्हणजे १९८ सेंटिमीटरवरून ग्रॅनाइटच्या जाड लादीवर सोडायचा. तो ३० ते ३४ इंच, म्हणजे ७६ ते ८६ सेंटिमीटर उसळला पाहिजे. सोडलेल्या उंचीच्या ३८ ते ४४ टक्के. टेनिसचा चेंडू शंभर इंचांवरून सोडला तर ५३ ते ५८ इंच उसळतो. त्या मानाने पिकलबॉलचा चेंडू मुळातच मंद आहे. म्हणून या खेळात खेळाडूला गुडघ्यात वाकून खेळावे लागते.

ही चाचणी घरीही होते. भिंतीवर १९८ सेंटिमीटरवर पेन्सिलीची खूण करा, चेंडू ढकलू नका, नुसता सोडून द्या, आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. फरशी ग्रॅनाइट, कोटा किंवा विट्रिफाइड टाइलची, पक्की बसवलेली हवी. पोकळ टाइलवर आकडा चुकतो. नेहमीचे जेवणाचे टेबल ७५ सेंटिमीटर उंच असते आणि स्वयंपाकाचा ओटा साधारण ८५. चेंडू टेबलापेक्षा वर आणि ओट्याच्या आसपास पोहोचला तर तो ठीक आहे. टेबलाच्याही खाली राहिला तर त्याचा जीव गेलेला आहे.

पण ही झाली सरळ खाली सोडलेल्या चेंडूची गोष्ट. खेळात चेंडू तिरका येतो आणि तिथे उंचीइतकेच घर्षण महत्त्वाचे ठरते. ॲक्रिलिक कोर्टाच्या रंगात बारीक वाळू मिसळलेली असते. हा खरखरीत पृष्ठभाग येणाऱ्या चेंडूला खालून धरतो, त्याचा पुढचा वेग थोडा कमी करतो आणि त्याला पुढच्या दिशेने फिरकी देतो. चेंडू व्यवस्थित वर येतो. हाच कडक, गुळगुळीत चेंडू पॉलिश केलेल्या लाकडी फरशीवर पडला की फरशीला त्याची पकड मिळत नाही. वेग फारसा न गमावता तो बुटका निघतो. मऊ इनडोअर चेंडू टप्प्याच्या क्षणी किंचित चपटा होतो, फरशीला जास्त भागाने टेकतो, आणि म्हणून तिथे त्याची उसळी अंदाजात राहते.

मग तोच मऊ चेंडू बाहेर का टिकत नाही? खरखरीत कोर्ट त्याला कानशीसारखे घासते. जोडाची रेघ आणि छिद्रांच्या कडा आधी झिजतात, मग एखादा भाग मऊ पडतो. चेंडू किंचित अंडाकृती झाला की त्याचा प्रत्येक टप्पा वेगळा येऊ लागतो.

वाऱ्याचे गणित काय?

पिकलबॉलचा चेंडू टेनिसच्या चेंडूपेक्षा आकाराने मोठा आणि वजनाने निम्म्याहून कमी आहे. मोठा आकार म्हणजे हवेला अडवायला जास्त जागा, कमी वजन म्हणजे त्या अडवणुकीपुढे कमी तग. ढोबळ हिशेब केला तर ताशी ५५ ते ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या २६ ग्रॅमच्या चेंडूवर हवेचा विरोध त्याच्या वजनाइतकाच असतो. म्हणूनच ताशी ५० किलोमीटरने मारलेला ड्राइव्ह १२ मीटरचे अंतर कापेपर्यंत तिशीच्या आसपास येतो. वारा नसतानाही.

आता वारा आणू. समजा, कोर्टाला आडवा ताशी १५ किलोमीटरचा वारा आहे. मुंबईच्या गच्चीवर संध्याकाळी असा वारा नेहमीचाच. एका खेळाडूने लॉब उचलला आणि तो दीड सेकंद हवेत राहिला. २६ ग्रॅमचा आऊटडोअर चेंडू या वेळात साधारण १.३ मीटर बाजूला सरकतो. वजन फक्त साडेबावीस ग्रॅम केले आणि बाकी सगळे तेच ठेवले, तर सरकणे येते सुमारे १.४५ मीटर. म्हणजे निव्वळ वजनाचा फरक वीतभरच आहे. मोठ्या छिद्रांच्या कडांमुळे हवेचा विरोधही चौथाईने वाढतो असे धरले, तर तो हलका चेंडू पावणेदोन मीटर सरकेल. कोर्टाची एकूण रुंदी २० फूट, म्हणजे ६.१ मीटर. मध्यरेषेपासून बाजूच्या रेषेपर्यंत जेमतेम तीन मीटर. त्यात जवळपास अर्धा मीटर जास्त सरकणे म्हणजे आतला चेंडू बाहेर.

या आकडेमोडीतून दुकानात सांगितला जाणारा एक दावा मात्र तपासला जातो. ‘आऊटडोअर चेंडूवर वाऱ्याचा परिणाम होत नाही’ असे म्हणतात. होतो, आणि चांगला होतो. १.३ मीटर म्हणजे अर्ध्या कोर्टाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. चाळीस छिद्रांचा चेंडू वाऱ्यात कमी वाहतो एवढेच खरे. वाऱ्याच्या दिवशी लॉब कमी करून चेंडू नेटलगत ठेवणारे खेळाडू सरस ठरतात ते याचमुळे. डिंक अर्धा सेकंद हवेत राहतो. तेवढ्या वेळात वारा त्याला फार हलवू शकत नाही.

छिद्रांबाबत आणखी एक शंका अनेकांना येते. १९६५ मध्ये सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि मित्रांनी बॅडमिंटनच्या कोर्टावर हा खेळ सुरू केला, तेव्हा हाताशी छिद्रांचा प्लास्टिकचा चेंडूच होता. अमेरिकेतल्या प्रसिद्ध विफल बॉलला छिद्रे फक्त एका अर्ध्या भागावर असतात. म्हणून तो हवेत वळतो. पिकलबॉलच्या चेंडूला छिद्रे सगळीकडे समान अंतराने असतात. त्यामुळे तो सरळ जातो. पण चेंडूला एका बाजूने तडा गेला की ही समानता मोडते आणि तो डगमगत जाऊ लागतो.

पावसाळ्यात चेंडू बदलावा लागतो का?

महाराष्ट्रात हा प्रश्न दर जूनला येतो. समजा, पुण्यातला एक गट आठ महिने सोसायटीच्या उघड्या ॲक्रिलिक कोर्टावर चाळीस छिद्रांच्या चेंडूने खेळला. पाऊस सुरू झाल्यावर ते बॅडमिंटनच्या हॉलमध्ये गेले. तिथे लाकडी फरशी आहे, किंवा त्यावर पीव्हीसीची मॅट अंथरलेली. पिशवीतले चेंडू तेच. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फटके पॅडलच्या खालच्या कडेला लागतात, कारण चेंडू अपेक्षेपेक्षा खाली आणि लवकर येतो. खेळाडूंना वाटते, आपलाच हात बिघडला. अशा हॉलमध्ये २६ छिद्रांचा चेंडू घ्यावा. चेंडू हळू येईल, टप्पा कळेल, स्मॅश मारून गुण संपवणे मात्र कठीण होईल.

आता हाच गट हॉलऐवजी पत्र्याच्या शेडखालच्या कोर्टावर गेला तर? खाली खरखरीत ॲक्रिलिकच आहे आणि बाजूंनी वारा आत येतो. तिथे चेंडू बदलायचे कारण नाही. चाळीसवालाच वापरावा. चारी बाजूंनी बंद, वातानुकूलित पण ॲक्रिलिकचा पृष्ठभाग असलेल्या कोर्टावरही टिकाऊपणासाठी तोच बरा. निवड करताना आधी पायाखाली पाहायचे, मग वाऱ्याकडे. छताचा क्रमांक तिसरा.

टर्फवर, म्हणजे फुटबॉल-क्रिकेटसाठी अंथरलेल्या कृत्रिम गवतावर तात्पुरते नेट लावून खेळणाऱ्यांसाठी वाईट बातमी आहे. तिथे कोणताच चेंडू नीट उसळत नाही. गवताचे तंतू आणि त्यातले भरण टप्प्याची ऊर्जा खाऊन टाकतात.

स्पर्धेत उतरायचे असेल तर एक गोष्ट आधी करावी. प्रवेशिका भरताना आयोजकांना चेंडूचे नाव विचारून घ्यावे आणि निदान शेवटचे दोन आठवडे त्याच चेंडूने सराव करावा. फ्लोरिडातील नेपल्समध्ये होणाऱ्या यूएस ओपन पिकलबॉल स्पर्धेचा अधिकृत चेंडू फ्रँकलिन एक्स-४० असल्याने तिथे जाणारे खेळाडू त्याच चेंडूवर हात बसवतात. हॉलमध्ये २६ छिद्रांच्या चेंडूवर तयार झालेला खेळाडू उघड्या कोर्टावरच्या स्पर्धेत गेला की त्याचा तिसरा फटका, म्हणजे नेटपलीकडच्या किचनमध्ये अलगद टाकायचा ड्रॉप, हमखास लांब जातो. चेंडू पॅडलवरून लवकर सुटतो आणि हवेत कमी मंदावतो.

चेंडू संपला हे कसे ओळखायचे?

दोन्ही चेंडू वेगवेगळ्या रीतीने संपतात. कडक आऊटडोअर चेंडू तडकतो. तडा बहुधा दोन छिद्रांमधल्या पट्टीत जातो आणि सुरुवातीला केसाएवढा बारीक असतो. डोळ्याला दिसण्याआधी तो कानाला कळतो. टणक ‘टॉक’ऐवजी बसका, फाटका आवाज येतो. शंका आली की चेंडू दोन्ही अंगठ्यांनी हलका दाबत फिरवावा. तडा असेल तिथे पट्टी उघडते. रॅली चालू असताना चेंडू फुटला तरी नियमानुसार रॅली संपेपर्यंत खेळत राहायचे. फुटल्याने निकालावर परिणाम झाला असे ठरले तर ती रॅली पुन्हा खेळतात.

मऊ इनडोअर चेंडू क्वचित फुटतो. तो हळूहळू ढिला होतो. तो टेबलावर भोवऱ्यासारखा फिरवून पाहावा. गोल असेल तर वरचा भाग स्थिर दिसतो, बेढब झाला असेल तर थरथरतो. वर सांगितलेली उसळीची चाचणी यालाही लागू आहे.

तापमानाचा मुद्दा इथे परत येतो. चाचणी २४ ते २७ अंशांना होते, पण डिसेंबर-जानेवारीत पुणे किंवा नाशिकला भल्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होते, आणि रात्रभर बाहेर राहिलेला कडक चेंडू पहिल्याच स्मॅशला तडकू शकतो. खेळायला निघण्याआधी चेंडू घरात ठेवले आणि सुरुवातीची पाच-दहा मिनिटे हलके फटके मारले तर फरक पडतो. उन्हाळ्यात उलटे होते. नागपूर-अकोल्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना दुपारी स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत राहिलेला चेंडू मऊ पडतो, उसळी मंदावते, आणि वर जड सामान असेल तर तो कायमचा चेपतो. सकाळी एका गेममध्ये तडकलेला आणि दुपारी ढिला पडलेला चेंडू एकाच खोक्यातले असू शकतात. अशा वेळी दुकानदाराशी वाद घालण्याआधी ते खोके कुठे ठेवले होते ते आठवून पाहावे.